उटीच्या माळावर कोसळणारी अदृश्य सर

उटीला जाणारे पर्यटक बोटॅनिकल गार्डन बघतात, तलावात नाव वल्हवतात, चॉकलेट घेतात आणि परततात. त्याच गावात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (म्हणजे आपल्या कुलाब्याच्या ‘टीआयएफआर’ची) एक प्रयोगशाळा आहे. तिकडे सहसा कुणी वळत नाही. वळले तरी बघण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. उघड्या माळावर आठ-आठ मीटर अंतर राखून मांडलेल्या सुमारे चारशे झाकलेल्या पेट्या, त्यांच्यातून निघालेल्या केबल आणि काँक्रीटच्या जाड छपरांच्या काही इमारती. या मांडणीचे नाव ग्रेप्स-३. इथे दुर्बीण नाही, आणि आकाशाकडे डोळे लावून बसलेला शास्त्रज्ञही नाही. तरीही या माळावर दिवसाला अंदाजे ३० लाख ‘सरी’ मोजल्या जातात. दिवसा, रात्री, भर उन्हात आणि दाट धुक्यातही.

या सरी पाण्याच्या नाहीत, कणांच्या आहेत. अंतराळातून पृथ्वीवर सतत येऊन आदळणाऱ्या अतिवेगवान कणांना वैश्विक किरण म्हणतात. त्यांतले सुमारे नव्वद टक्के कण म्हणजे प्रोटॉन, हायड्रोजनच्या अणूचा उघडा गाभा. उरलेल्यांत बहुतेक हेलियमचे गाभे आणि एखादा टक्का कार्बन, ऑक्सिजन, लोह वगैरेंचे. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ असतो. मात्र यांतला मूळ कण जमिनीपर्यंत जवळजवळ कधीच पोहोचत नाही. तो वर हवेत फुटतो आणि खाली येते ती त्याच्या वंशजांची गर्दी.

हे कण वरून येतात हे कळायलाच १९१२ साल उजाडावे लागले. त्या आधी विद्युतदर्शी नावाच्या साध्या उपकरणाने शास्त्रज्ञांना हैराण केले होते. त्यातला विद्युतभार कितीही काळजी घेतली तरी हळूहळू गळून जाई. जमिनीतल्या किरणोत्सारी खडकांमुळे हे होत असावे, असा सर्वांचा समज होता. तसे असेल तर उंच गेल्यावर गळती कमी व्हायला हवी. ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी ७ ऑगस्ट १९१२ रोजी हायड्रोजनच्या बलूनमधून ५,३५० मीटरपर्यंत चढून हे तपासले. सुरुवातीला गळती थोडी कमी झाली, पण पुढे ती वाढत गेली आणि पाच किलोमीटरवर जमिनीपेक्षा कितीतरी जास्त भरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी सूर्यग्रहणाच्या वेळीही उड्डाण केले होते. सूर्य झाकला गेला तरी गळतीत फरक पडला नव्हता, म्हणजे उगम सूर्य नसावा. हेस यांना १९३६ साली नोबेल मिळाले.

आता एकच प्रोटॉन घेऊ आणि त्याच्या मागोमाग उटीपर्यंत उतरू. कणांची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. जिनिव्हाजवळच्या भूमिगत महायंत्रात, म्हणजे सर्नच्या एलएचसीमध्ये, एका प्रोटॉनला साधारण ६.८ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देता येते. आपल्या प्रोटॉनकडे हजार लाख कोटी आहेत, म्हणजे जवळपास दीडशे पट. एवढ्या ऊर्जेचे कण फार विरळ असतात. चौरस मीटरभर जागेवर वर्षाकाठी मोजकेच येतात. उपग्रहावर बसवलेले उपकरण जेमतेम तेवढेच मोठे असते, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसलात तर आयुष्य वाट पाहण्यात जाईल. म्हणून वातावरणालाच उपकरणाचा भाग करायचा आणि त्यातून जमिनीवर काय उतरते ते मोठ्या क्षेत्रावर पकडायचे, अशी ही युक्ती आहे.

आपल्या डोक्यावरची सगळी हवा वजनाने सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतकी भरते. प्रोटॉनला त्यातली पहिली दहा टक्के हवा ओलांडतानाच कुठल्या तरी नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुगाभ्याशी टक्कर द्यावी लागते. हे घडते जमिनीपासून पंधरा ते पंचवीस किलोमीटर उंचीवर, प्रवासी विमानांच्याही बरेच वर. टकरीतून डझनावारी नवे कण जन्मतात, त्यांतले बहुतेक पायॉन. पायॉन तीन प्रकारचे असतात: धनभारित, ऋणभारित आणि भाररहित. इथून पुढे गोष्टीला दोन फाटे फुटतात.

भाररहित पायॉनला आयुष्य असे नसतेच म्हटले तरी चालेल. जन्मताच त्याचे दोन गॅमा किरण होतात. गॅमा किरण हवेतल्या अणूजवळून जाताना एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करतो. ती जोडी वळताना, मंदावताना पुन्हा गॅमा किरण सोडते, आणि ते पुन्हा जोड्या बनवतात. दर टप्प्याला संख्या दुप्पट आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा निम्मी. प्रत्येक कणाकडची ऊर्जा एका मर्यादेखाली गेली, की नवे कण तयार होणे थांबते आणि आहेत ते हवेत शोषले जाऊ लागतात. आपल्या प्रोटॉनच्या सरीत ऐन भरात पाच-सहा लाख कण असतात. हा भर ओसरण्याआधी सर गाठता यावी म्हणूनच डोंगरावर जायचे. मुंबईच्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत यातली बरीच गर्दी विरून जाते.

या दुपटीच्या साखळीचे गणित १९३७ साली दोघांनी मांडले: वॉल्टर हाइटलर आणि केंब्रिजमध्ये काम करणारे तरुण होमी भाभा. भाभांना आपण अणुऊर्जेमुळे ओळखतो, पण त्यांचे नाव प्रथम जगात गाजले ते वैश्विक किरणांमुळे. १९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले, युद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वैश्विक किरणांसाठी वेगळा विभाग उघडला आणि १९४५ मध्ये टीआयएफआर उभी केली. उटीचा माळ त्याच परंपरेतला आहे.

दुसरा फाटा विद्युतभारित पायॉनांचा. त्यांतले काही पुढच्या अणुगाभ्यांवर आदळून आणखी पायॉन बनवतात, बाकीचे वाटेतच मोडून म्युऑन होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण दोनशे पट जड. जड असल्याने तो वाटेत गॅमा किरण सोडत बसत नाही आणि हवेतून जवळजवळ सरळ खाली येतो. समुद्रसपाटीलाही दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो. हे वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखादा जात असणार. छप्पर असले तरी आणि वर चार मजले असले तरीही.

पण म्युऑन इथे पोहोचतोच कसा? त्याचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे जेमतेम सव्वादोन पट. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, आणि म्युऑन तर पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेला. साध्या हिशेबाने वाटेतच सगळे संपायला हवेत. ते संपत नाहीत, कारण आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते. चारशे कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या म्युऑनचे आयुष्य आपल्या मोजणीत जवळपास चाळीस पट लांबते आणि तो पंचवीस किलोमीटर सहज कापतो. अशा कणांचे लांबलेले आयुष्य ही सापेक्षतेची थेट परीक्षा ठरेल, हे १९३८ मध्ये लिहून ठेवणाराही भाभाच. तेव्हा म्युऑनचे आजचे नावसुद्धा ठरलेले नव्हते.

माळावर सर उतरते तेव्हा तिचा पुढचा भाग एखाद्या पालथ्या परातीसारखा असतो: शेकडो मीटर रुंद, काही मीटर जाड आणि कडांना किंचित मागे वळलेला. ही परात प्रकाशाच्या वेगाने खाली येते. प्रत्येक पेटीत चौरस मीटरभर विशिष्ट प्लास्टिकचा थर आहे. भारित कण त्यातून गेला की अतिशय मंद चमक उमटते. प्रकाशगुणक नळी त्या चमकेचा विजेचा स्पंद बनवते आणि तो कधी आला, केवढा होता, याची नोंद होते. सर डोक्यावरून सरळ आली तर सगळ्या पेट्या जवळपास एकदम वाजतात. ती तीस अंश कलती आली, तर एका पेटीनंतर शेजारच्या पेटीला परात चार मीटर जास्त चालून गाठते, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे तेरा-एक भाग उशिरा. सगळे काम या तेरा भागांवर चालते. शेकडो पेट्यांच्या वेळा जुळवल्या की मूळ कण आकाशाच्या कोणत्या दिशेने आला ते कळते. केबलच्या लांबीत किंवा तापमानात थोडा फरक पडला तरी वेळा घसरतात, म्हणून त्या सतत तपासाव्या लागतात.

दिशा खरोखर बरोबर निघते आहे की नाही हे कसे ठरवणार? आकाशात वैश्विक किरणांचा ‘धुवतारा’ नाही. इथे चंद्र कामी येतो. चंद्राच्या मागून येणारे कण चंद्र अडवतो, म्हणजे त्याच्या दिशेकडून येणाऱ्या सरी थोड्या कमी भरायला हव्यात. वर्षानुवर्षांच्या नोंदी चंद्राच्या जागेभोवती रचल्या, की अर्ध्या अंशाचा तो काळा ठिपका हळूहळू उमटतो. ग्रेप्स-३च्या गटाने असाच चंद्राचा ठसा मिळवून आपली मांडणी नेमकी कुठे बघते आहे ते पडताळले आहे.

दिशा अशी नेमकी मिळते, ऊर्जा मात्र तितकी नेमकी मिळत नाही. जमिनीवर किती कण पडले यावरून ती ताडायची. पण पहिली टक्कर पंचवीस किलोमीटरवर झाली की पंधरावर, यावर खाली पोहोचणारी संख्या बरीच बदलते, आणि ते आपल्या हातात नाही. एकेका सरीबद्दल म्हणूनच छातीठोकपणे बोलता येत नाही, लाखो सरींच्या गठ्ठ्याबद्दल बोलता येते. मूळ कण प्रोटॉन होता की लोहाचा गाभा, हे म्युऑन सांगतात. लोहाच्या गाभ्यात छप्पन्न कण असतात. त्यांच्यात ऊर्जा वाटली जाते, लहान-लहान सरी उंचावरच सुरू होतात आणि म्युऑन जास्त निघतात. मूळ कण गॅमा किरण असेल तर म्युऑन फारच थोडे. त्या काँक्रीटच्या जाड छपरांच्या इमारती यासाठीच आहेत. छपरात इलेक्ट्रॉन अडकतात, म्युऑन आरपार जातात आणि खाली चार थरांत रचलेल्या ३,७१२ लांब, चौकोनी, वायूने भरलेल्या लोखंडी नळ्यांत आपली वाट उमटवतात. याच पद्धतीने ग्रेप्स-३ने २०२४ मध्ये दाखवले, की प्रोटॉनांची संख्या ऊर्जेबरोबर ज्या दराने घटत जाते तो दर १६६ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास बदलतो. 

हे कण मुळात येतात कुठून? दिशा मिळाली म्हणजे पत्ता मिळाला, असे इथे होत नाही. आपल्या आकाशगंगेत सर्वत्र क्षीण चुंबकीय क्षेत्र आहे, पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पण अंतरे प्रचंड आहेत. आपल्या प्रोटॉनला ते क्षेत्र साधारण एका प्रकाशवर्षाच्या त्रिज्येच्या वर्तुळात फिरवते, आणि जवळचा म्हणावा असा उगमही शेकडो प्रकाशवर्षे लांब. म्हणजे येईपर्यंत त्याने असंख्य गिरक्या घेतलेल्या असतात आणि मूळ दिशा केव्हाच पुसलेली असते. उटीला तो मृगाच्या दिशेने आला म्हणून तो मृगातून निघाला, असे म्हणता येत नाही.

त्यामुळे शोध आडवाटेने घ्यावा लागतो. संशय सर्वांत जास्त आहे तो ताऱ्यांच्या स्फोटांवर. मोठा तारा फुटतो तेव्हा त्याचे बाहेर फेकलेले द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने भोवतालच्या वायूत घुसते आणि पुढे एक धक्कालाट तयार होते. लाटेच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय क्षेत्रे विस्कटलेली असतात. भारित कण पुढून मागे आणि मागून पुढे ढकलला जातो, आणि दर फेरीत त्याची ऊर्जा थोडी वाढते. फेऱ्या हजारो, काळ हजारो वर्षांचा. चुंबकीय क्षेत्रात आदळून कणांना असा वेग मिळू शकतो, ही मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडली. पुरावा मिळायला २०१३ उजाडले. वेग मिळालेले प्रोटॉन तिथल्याच वायूवर आदळले, तर उटीच्या आकाशात होते तेच तिथेही होणार: भाररहित पायॉन आणि त्यांचे गॅमा किरण. गॅमा किरणांना विद्युतभार नसतो, त्यामुळे ते सरळ आपल्यापर्यंत येतात. फर्मी नावाच्याच अवकाश दुर्बिणीने आयसी ४४३ आणि डब्ल्यू४४ या दोन जुन्या स्फोटांच्या अवशेषांत अशा पायॉनांचीच म्हणता येईल अशी खूण टिपली.

तरीही प्रश्न सुटला, असे मला वाटत नाही. त्या खुणेवरून स्फोटांच्या अवशेषांत प्रोटॉनांना वेग मिळतो एवढे पक्के झाले. हजार लाख कोटींपर्यंत तो मिळतो का, हे वेगळे. आणि त्याहून लाखपट ऊर्जेचे कण तर आपल्या आकाशगंगेत मावतच नाहीत, तिची चुंबकीय क्षेत्रे त्यांना रोखून धरू शकत नाहीत. अर्जेंटिनात ३,००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या १,६०० हून अधिक टाक्या पसरलेली पिअर ओजे वेधशाळा अशाच कणांच्या मागे आहे. तिने २०१७ मध्ये दाखवले, की सर्वाधिक ऊर्जेचे कण आकाशाच्या एका बाजूने थोडे जास्त येतात, आणि ती बाजू आपल्या आकाशगंगेच्या केंद्राची नाही. म्हणजे ते बाहेरच्या दीर्घिकांतून येतात. कोणत्या, ते अजून गुलदस्त्यात आहे. अमेरिकेतल्या युटाहमध्ये २७ मे २०२१ रोजी टिपलेला ‘अमातेरासू’ नावाचा कण तर जिथे फारशा दीर्घिकाच नाहीत अशा पोकळीच्या दिशेने आला होता.

उटीच्या नळ्यांनी मात्र एक असे काम केले, जे त्यांच्यावर सोपवलेलेच नव्हते. १ डिसेंबर २०१४ रोजी प्रयोगशाळेवरून एक गडगडाटी ढग गेला. त्या अठरा मिनिटांत म्युऑनांची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. वैश्विक किरणांत चढउतार होतातच, हवेच्या दाबाने होतात, सौरवादळांनी होतात. पण ते तासन्‌तास टिकतात आणि सर्व दिशांना दिसतात. ही घट काही दिशांपुरतीच होती आणि ढगाबरोबर सरकत होती. प्रयोगशाळा आकाशाचे १६९ भाग पाडून प्रत्येकातून येणारे म्युऑन वेगळे मोजते, म्हणून हे सरकणे दिसले. घट मिनिटाला ६.२ अंश सरकत होती. आसपास ठेवलेल्या विद्युतक्षेत्रमापकांवरून ढगाचा जमिनीवरचा वेग निघाला तो मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे ताशी साठ. दोन्ही जुळवले की ढग माळापासून सव्वानऊ किलोमीटर उंच ठरतो. माळाची २.२ किलोमीटर उंची मिळवली की समुद्रसपाटीपासून ११.४. पसारा किमान ३८० चौरस किलोमीटर.

घट का झाली? ढगातल्या विद्युतक्षेत्रात धन म्युऑन मंदावला तर ऋण म्युऑन वेग घेतो, किंवा उलट. दोन्ही सारखेच असते तर हिशेब फिटला असता. पण मूळ वैश्विक किरण धनभारित असल्याने धन म्युऑन जास्त निघतात, दर दहा ऋणांमागे बारा-तेरा. मंदावलेले धन म्युऑन काँक्रीट ओलांडू शकत नाहीत, त्यामुळे मोजणीत निव्वळ तूट दिसते. संगणकावर वेगवेगळे विद्युतदाब घालून सरी उतरवून पाहिल्या, तेव्हा ही तूट यायला ढगात सुमारे १३० कोटी व्होल्टपर्यंत दाब असायला हवा, असे निघाले. तोवर ढगात बलून सोडून मोजलेला सर्वाधिक दाब होता १३ कोटी व्होल्ट. बलून ढगातून एकाच रेषेवर आणि सावकाश वर चढतो. म्युऑन मात्र पूर्ण ढगातून एकाच वेळी आरपार जात असतात.

ढगात शंभर कोटींच्या घरात व्होल्ट असू शकतात, असे स्कॉटलंडचे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ मध्येच म्हटले होते. १९९४ मध्ये नासाच्या एका उपग्रहाने पृथ्वीवरच्या वादळांतून निघणारे गॅमा किरणांचे झोत टिपल्याचे जाहीर झाले, आणि पुढे त्यांची ऊर्जा दहा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत जाते असेही आढळले. तेरा कोटींचा ढग एवढे झोत कसा सोडेल, हे कोडे होते. उटीच्या ढगाचा आकडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या झोतांना पुरेल एवढा दाब ढगांत खरोखर असतो, याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला.